‘शेवटचे काही जोड’ लिहिताना या चुका टाळा

गेल्या दिवाळीत कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतल्या एका दुकानाने माझ्याकडून जाहिरात लिहून घेतली: ‘कापशी चप्पल, फक्त २४ जोड शिल्लक!’ आकडा खरा होता, तरी दुसऱ्या दिवशी माणसं चिडून फोन करायला लागली. २४ पैकी ८ नंबरचे चारच जोड होते आणि ते सकाळीच संपले होते. पुरुषांची मागणी मात्र जास्त ८ आणि ९ चीच. ८ नंबरवाल्यासाठी माल संपलेला, जाहिरातीत मात्र अजून २४ जोड शिल्लक.

इथे चूक माझी. पायताणाचा साठा नंबरनिहाय लिहायला हवा. त्यात दुकानात येणारं गिऱ्हाईकही त्याच ढिगातून घेऊन जातं. म्हणून आता मी आधी मालकांना विचारतो, ‘काउंटरला किती ठेवणार?’ ते जोड बाजूला काढायचे आणि उरलेलेच जाहिरातीत मांडायचे: ‘७ नंबर ६ जोड, ८ नंबर ४, ९ नंबर ५. हाताने शिवलेली, पुढचा लॉट दिवाळीनंतर.’ कमी का आहे हे एका ओळीत कळलं की उद्गारचिन्ह लागत नाही. नंबर संपला की व्हॉट्सॲप स्टेटस त्याच तासाला बदलायचा. ‘८ नंबर आहे का?’ असे फोन येत राहिले, तर स्टेटस शिळा झालाय असं समजा.

मुदतीची चूक वेगळी. ‘आज शेवटचा दिवस’ लिहून उद्या ‘लोकाग्रहास्तव मुदत वाढवली’ टाकलं, की काल धावत येऊन घेतलेल्याला फसल्यासारखं वाटतं. तो पुढच्या वेळी थांबतो. खरी मुदत मागून मोजत यायची. समजा पाडवा बुधवारी आहे आणि माल पुण्याला सोमवारी पोचायला हवा. कुरिअरला कामाचे तीन दिवस लागतात आणि रविवारी सुट्टी, म्हणजे पार्सल आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी निघायला हवं. पॅकिंग धरून ऑर्डर त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे पाडव्याच्या आधीच्या बुधवारी संध्याकाळी ५ पर्यंत. मग लिहायचं: ‘बुधवारी ५ नंतरची ऑर्डरही घेऊ, पण पाडव्याआधी पोचेल असं सांगता येणार नाही.’ मुदत टळल्यावर नेमकं काय बदलतं, ते गिऱ्हाइकाला कळतं. नंतर खरंच नवा माल आला, तर ‘नवा लॉट’ म्हणून नवी जाहिरात करावी, जुनी मुदत ताणू नये.

वेबसाईटवर पान उघडलं की नव्याने सुरू होणारं उलटं घड्याळ तर मी लावूच देत नाही. ऑनलाईन गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या अशा युक्त्यांना डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांत त्यांचे १३ प्रकार दिलेत, त्यात पहिलाच खोट्या घाईचा आहे. ही तत्त्वं विक्रेत्यालाही लागू आहेत, दुकान लहान आहे म्हणून सुटका नाही.