पाणी तापलं हो: वृद्धाश्रमात संथ, आठवणींचं सामूहिक गाणं कसं बसवावं

वृद्धाश्रमात गाण्याचा कार्यक्रम म्हटलं की बहुतेक ठिकाणी एक हौशी गायक येतो, माईकवर जुनी गाणी म्हणतो, आजी-आजोबा टाळ्या वाजवतात आणि तासाभरात सगळे आपापल्या खोलीत जातात. त्यात वाईट काही नाही, पण गातो तो एकटाच. इथे सांगतोय तो प्रकार वेगळा आहे. यात लहानपणचं एक साधं चित्र घ्यायचं, त्याभोवती चार ओळींचं नवं गाणं बांधायचं आणि त्यातल्या रिकाम्या जागा बसलेल्यांनी भरायच्या. हार्मोनियम असेल तर बरं, नसली तरी अडत नाही.

चित्र निवडताना आधी वय मोजा

आज ऐंशीच्या आसपास असलेली व्यक्ती 1945 च्या सुमारास जन्मली. म्हणजे तिचं पाच ते बारा वर्षांचं वय 1950 ते 57 या काळात येतं. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 ला आली, तेव्हा हिच्या हातातला खाऊचा पैसा आणे-पै मधला होता. सत्तरीतल्या माणसाला मात्र नवे पैसेच आठवतील. असा हिशेब न करता आपण स्वतःच्या लहानपणची चित्रं त्यांच्यावर लादतो आणि मग समोरचे नुसते सौजन्याने माना डोलावतात.

दुसरी कसोटी अशी की ते चित्र गरीब-श्रीमंत, गाव-शहर, बाई-पुरुष अशा सगळ्यांच्या घरात कुठल्या ना कुठल्या रूपात असायला हवं. मी पहिल्यांदा तांब्याचा बंब निवडला होता. पहाटेची थंडी, धूर, बंबाच्या तोटीतून पडणारं कढत पाणी, असं सगळं डोळ्यांपुढे होतं. वाड्यात आणि चाळीत वाढलेले चौघेजण खुलले. उरलेल्यांपैकी एक आजी शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे कुठला बंब? तीन दगडांवर हंडा." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण गाणं तिथेच फुटलं. पुढच्या वेळी चित्र बदललं. बंब काढला आणि "पाणी तापलं" एवढंच ठेवलं. पाणी सगळ्यांच्याच घरी तापायचं. कशावर आणि काय जाळून, एवढाच फरक होता आणि तोच फरक मग गाण्याचा विषय झाला.

काही चित्रं गावागणिक तपासून घ्यावी लागतात. पावसाचं, नदीचं चित्र निरागस वाटतं. पण पुण्यातल्या वृद्धाश्रमात 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर अंगावर घेतलेलं माणूस समोर असू शकतं. आधी तिथल्या मावशींना किंवा व्यवस्थापकांना विचारून ठेवा.

चार स्वर, आठ ठोके

आता गाणं. बोल असे आहेत:

पाणी तापलं हो, पाणी तापलं,
पहाटेच्या थंडीत पाणी तापलं.
माईंच्या अंगणी काय जळलं?
नारळाची शेंडी, पाणी तापलं.

पहिल्या खर्ड्यात "हो"च्या जागी "गं" होतं. आजोबा मंडळी ओठ मिटून बसली, तेव्हा कारण लक्षात आलं.

चाल सा, रे, ग, प एवढ्या चारच स्वरांची ठेवा. पहिली ओळ: सा रे ग ग रे सा, ग रे सा रे सा. दुसरी: ग ग प प प ग ग, रे ग रे सा सा. तिसरी ओळ पहिलीसारखीच आणि चौथीही तशीच. याहून अवघड चाल नको. मधला पंचम हा या गाण्यातला सगळ्यात वरचा स्वर, आणि तेवढंच चढणं पुरतं.

पट्टी महत्त्वाची आहे. वय वाढतं तसा बायकांचा आवाज खाली उतरतो. तरुणपणी हार्मोनियमच्या काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या बाईंना आता तिथे ताण पडतो. सफेद पाचचा षड्ज, म्हणजे सा, धरला तर बायका आणि पुरुष एकाच सप्तकात गाऊ शकतात. घशाच्या शिरा ताणलेल्या दिसल्या किंवा कुणी ओळीच्या शेवटी स्वर सोडून नुसतं बोलू लागलं, तर पट्टी चुकली असं समजा आणि एक स्वर खाली या.

लय भिंतीवरच्या घड्याळाकडून घ्या. सेकंदाला एक ठोका आणि एका ठोक्यावर एक अक्षर. "पाणी तापलं हो" ही सहा अक्षरं, पुढचे दोन ठोके श्वासाचे. "पाणी तापलं" ही पाच, मग तीन ठोके गप्प. अशी प्रत्येक अर्धी ओळ आठ ठोक्यांची होते. एक कडवं साधारण एका मिनिटात संपतं. पहिल्यांदा गाताना तुम्हाला हे असह्य संथ वाटेल. तुमचा हात आपोआप घाई करेल, म्हणून लयीसाठी कुणाला तरी मांडीवर थाप द्यायला बसवा. असा संथपणा पूर्वी जात्याला असायचा. जात्यावरची ओवी कधी ऐकलीच नसेल, तर हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गोळा केलेल्या लाखभर ओव्यांपैकी काही ध्वनिमुद्रणं 'पारी' या संकेतस्थळावर आहेत, ती आधी ऐका. बाई दळता दळता श्वास कुठे घेते तेवढं लक्ष देऊन ऐका.

बसायची तयारी

वेळ सकाळी साडेदहाची बरी. नाश्ता, गोळ्या, आंघोळी झालेल्या असतात. स्मृतिभ्रंश असलेल्यांची चलबिचल संध्याकाळकडे वाढते, म्हणून दुपारचा चहा झाल्यावरची वेळ टाळा. दहा-बारापेक्षा जास्त माणसं नकोत आणि पाऊण तासाच्या पुढे जाऊ नका.

खुर्च्या अर्धगोल मांडा. टीव्ही बंद करा, घरघरणारा पंखा शक्य असेल तर तोही. उतारवयात आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ असे वर्ण विरून जातात, त्यामुळे ओरडून उपयोग नसतो. आवाज खाली घ्या, शब्द सुटे करा आणि तुमच्या तोंडावर उजेड पडेल असे बसा, कारण पुष्कळ जण ओठ वाचत असतात. कानातल्या यंत्रांचे सेल चालू आहेत ना हे मावशींकडून बघून घ्या.

शब्दांचे छापील कागद वाटू नका. मी वाटले होते. दहा मिनिटं चष्मे शोधण्यात गेली आणि मग सगळ्यांच्या माना खाली. पुढे एकाने म्हणायचं, मागे सगळ्यांनी, हीच भजनातली रीत इथे चालते.

सोबत वस्तू न्या: एक करवंटी, मूठभर नारळाच्या शेंड्या, वाटीत उटणं आणि कोमट पाण्याचा छोटा तांब्या. उटण्याचा वास पहिल्या ओळीच्या आधीच काम सुरू करतो. तांब्या अर्धाच भरा, कारण हातात जोर नसतो. पाणी खरंच कोमट आहे हे स्वतःच्या मनगटावर बघून घ्या. मधुमेहामुळे बोटांना चटका कळत नाही अशी माणसं तिथे असणारच. पेटवायचं मात्र काही नाही, दम्याची माणसं असतात.

प्रत्यक्ष बैठक

पहिली पाच मिनिटं गायचं नाही. वस्तू हातोहात फिरू द्या. कुणी करवंटीच्या आतून अंगठा फिरवेल, कुणी उटणं तळहातावर चोळेल. मग पहिल्या दोन ओळी तुम्ही दोनदा गा आणि तिसऱ्यांदा सगळ्यांना घ्या. त्याच दोन ओळी चार-पाच वेळा होऊ द्या. कंटाळा तुम्हाला येईल, त्यांना नाही.

मग तिसरी ओळ एकेकाच्या नावाने. "काकांच्या वाड्यात काय जळलं?" असं गाऊन थांबायचं. हे थांबणं हाच या सगळ्या खटाटोपातला अवघड भाग आहे. मनात दहापर्यंत मोजा. सुचवू नका, मान हलवून घाई करू नका. आधी चित्र येतं, शब्द मागून येतो आणि त्या वयात दोन्हींमधलं अंतर मोठं असतं. सातव्या-आठव्या सेकंदाला आपण "लाकूड, लाकूड ना?" असं म्हणून टाकतो आणि समोरचा माणूस "हो, लाकूड" म्हणून मोकळा होतो. त्याच्या मनात बाभळीच्या ढलप्या होत्या, त्या तिथेच राहतात.

उत्तर आलं की ते जसंच्या तसं चौथ्या ओळीत घालायचं. "बाभळीची ढलपी, पाणी तापलं." अक्षरं कमी-जास्त झाली तर ओढून किंवा दाबून बसवा, पण त्यांचा शब्द बदलू नका. एकीने "शेणी" म्हटलं, दुसरीने "गोवऱ्या". दोन्हींची दोन कडवी झाली. गिरगावातल्या एका आजोबांनी सांगितलं की त्यांच्या चाळीत लाकडाच्या वखारीतला भुसा जळायचा. "वखारीचा भुसा, पाणी तापलं" हे त्या दिवशीचं सगळ्यात आवडलेलं कडवं ठरलं. ज्या आजी बोलतच नाहीत त्यांच्या नावानेही ओळ गा आणि तेवढंच थांबा. बोलणं गेलेल्या काही जणांना गाण्यातले शब्द साधतात. नाही आले तर पालुपदावर या, अवघडलेपण होत नाही.

एक पथ्य कडक पाळा: चित्र लहानपणचं असलं तरी वागणं बालवाडीचं नको. "चला चला, सगळ्यांनी टाळ्या!" असं मी एकदा म्हटलं, तर निवृत्त मुख्याध्यापक असलेले एक आजोबा काठी घेऊन उठले. "आम्हाला काय बडबडगीतं शिकवता?" त्यांचं बरोबर होतं. माई, काका, गुरुजी, ज्याला जी हाक आवडते तीच वापरा.

रडू येतंच कुणाला तरी. तापलेल्या पाण्यामागे आई असते. अशा वेळी पटकन हसरं गाणं लावायचा मोह आवरा. बाकीच्यांना घेऊन पालुपद मिटल्या ओठांनी, हळू गुणगुणत ठेवा आणि मावशींना शेजारी बसू द्या. बहुतेकदा दोन आवर्तनांत ती व्यक्तीच परत सूर धरते. पण हात एकमेकांवर घासणं, पदर चुरगळणं, सारखं उठू पाहणं असं दिसलं, तर ते दुःख नव्हे, अस्वस्थता आहे. त्या माणसाला गाण्यातून बाहेर काढून खिडकीशी न्या.

शेवटची पाच मिनिटं नवं काही विचारू नका. पहिल्या दोन ओळी प्रत्येक वेळी थोड्या हलक्या करत तीनदा म्हणा आणि शेवटचा षड्ज लांबवून सोडा.

वही

त्या दिवशीची कडवी वहीत उतरवा, कुणाच्या नावाने कुठला शब्द आला यासकट. पुढच्या आठवड्यात सुरुवात त्याच कडव्यांनी करायची. आपला शब्द सगळे गातायत हे ऐकताना चेहरे बघण्यासारखे असतात. नवं चित्र तीन-चार बैठकांनंतरच घ्या: कंदिलाची काच पुसणं, विहिरीचा रहाट, शाळेची पाटी. पाटी घेतलीत तर ती कशाने पुसायचे हे विचारायला विसरू नका.

आमच्या वहीतलं शेवटचं कडवं त्या तीन दगडांवरच्या हंड्याच्या आजींचं आहे. त्यांच्या नावाने ओळ आली तेव्हा मी दहा मोजले, मग आणखी पाच. त्या म्हणाल्या, "काही नाही जळलं. सूर्यावर ठेवायचो." आम्ही तेच गायलो.