राजयोग-धनयोग शोधताना या चुका टाळा

कुंडली समोर ठेवायची, नवमेश आणि दशमेश, म्हणजे नवव्या आणि दहाव्या स्थानांचे स्वामी, एकत्र दिसले की बोट ठेवून म्हणायचं, "राजयोग आहे." कोल्हापुरात माझ्याकडे पत्रिका घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जण हे वाक्य कुठून तरी ऐकून आलेले असतात. हल्ली मोबाईलमधलं ॲपही तेच सांगतं. नियम खोटा नाही. केंद्राचा स्वामी (१, ४, ७, १०) आणि त्रिकोणाचा स्वामी (१, ५, ९) यांचा संबंध आला तर राजयोग होतो. ते एकत्र बसलेले असोत, एकमेकांकडे पाहत असोत किंवा त्यांनी राशींची अदलाबदल केलेली असो. धनयोगात २, ५, ९, ११ आणि लग्न या स्थानांचे स्वामी एकमेकांशी जोडलेले पाहतात. शिकणारे इथंच थांबतात आणि चुका इथूनच सुरू होतात.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ग्रहाचं एकच स्वामित्व पाहणं. रवी-चंद्र सोडले तर प्रत्येक ग्रह दोन स्थानांचा मालक असतो. नवमेश म्हणून गुरू हातात घेतला, तर त्याच्याकडे दुसरं कुठलं घर आहे ते न बघता पुढं जायचं नाही. लघुपाराशरीत हे स्वच्छ सांगितलंय: नवमेश किंवा दशमेश हाच अष्टमेश किंवा लाभेश, म्हणजे अकराव्याचा स्वामीही असेल, तर नुसत्या संबंधानं राजयोग मिळत नाही. मेष लग्नाला शनी दशमेश आहे आणि लाभेशही. मिथुन लग्नाला तोच शनी नवमेश आहे आणि अष्टमेशही. म्हणजे या दोन लग्नांना नववं-दहावं स्थान गुरू-शनीकडेच असलं तरी त्यांची युती पाहून 'धर्मकर्माधिपती योग' असा शिक्का मारता येत नाही. मेषेसाठी पाराशरांनी तर या युतीचं नाव घेऊन हे स्वतंत्रपणे सांगितलंय.

याचा फटका कसा बसतो ते एका पत्रिकेवरून सांगतो. एक आई मुलाला घेऊन आली होती. पोरगं शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत चांगल्या नोकरीला होतं. ती सोडून, राहतं घर तारण ठेवून स्वतःचं मशिन शॉप टाकायचं त्याच्या मनात होतं. "काका, सहा ग्रह लग्नात आहेत, राजयोगपण आहे, नीचभंगपण आहे. आता नाही तर कधी?" जन्म ४ मे २००० चा, चैत्री अमावास्येची पहाट, साडेपाचचा सुमार. मेष लग्न आणि मेषेतच रवी, चंद्र, बुध, शुक्र, गुरू, शनी. मंगळ वृषभेत. त्या आठवड्यात पहाटे जन्मलेल्या पुष्कळ मुलांच्या पत्रिका अशाच भरगच्च दिसतात, आणि त्या बघून भल्याभल्यांची घाई होते.

मी नेहमी करतो तेच केलं. ग्रहांकडे बघण्याआधी कागदावर बारा ओळी काढल्या आणि प्रत्येक स्थानापुढं स्वामी लिहिला. मग उलट बाजूनं, प्रत्येक ग्रहापुढं त्याची दोन्ही स्थानं. गुरू ९ आणि १२. शनी १० आणि ११. राजयोग म्हणून नाचवलेली जोडी इथंच अर्धी गळाली.

नंतर अंश पाहिले. रवी मेषेत २० अंशांवर, गुरू २३ च्या आसपास, शनी २५ च्या आसपास. गुरू रवीपासून ११ अंशांच्या आत आणि शनी १५ च्या आत आला की अस्त धरतात. इथं दोघेही सूर्याच्या अगदी जवळ, पूर्ण अस्त. शनी शिवाय नीच राशीत. नीचभंग आहे हे खरं, कारण शनीच्या उच्च राशीचा स्वामी शुक्र लग्नात आहे आणि मेषेत उच्च होणारा रवीही लग्नातच आहे. पण नीचभंगानं नीचत्वाचा दोष कमी होतो. अस्त जात नाही, लाभेशपणाही पुसला जात नाही. ॲप हे वेगवेगळे हिशेब एकत्र मांडत नाही, ते फक्त यादी छापतं.

या पत्रिकेत खरा योग नाही का? आहे. रवी हा पंचमेश, म्हणजे त्रिकोणाचा स्वामी, उच्चीचा होऊन लग्नात बसलाय, आणि चतुर्थेश चंद्र त्याच्याबरोबर आहे. केंद्र-त्रिकोणाचा हा संबंध दोघांच्याही बाबतीत निर्दोष आहे, कारण त्यांच्याकडे दुसरं घरच नाही. चंद्र अमावास्येचा क्षीण असल्यानं जोर मात्र रवीच्या बाजूनं धरायचा.

धनयोग तर कुणाच्या नजरेतच आला नव्हता. लग्नेश मंगळ दुसऱ्या स्थानात आणि धनेश शुक्र लग्नात, म्हणजे लग्न-धन परिवर्तन. सहा ग्रहांच्या गर्दीपलीकडे एकटा बसलेला मंगळ कुणी पाहतच नाही. त्यालाही मर्यादा आहेत. मंगळ अष्टमेशही आहे, शुक्र सप्तमेशही, आणि शुक्र रवीपासून जेमतेम दहा अंशांवर, अस्ताच्या काठावर. म्हणून पैसा येईल, पण स्वतःच्या अंगमेहनतीनं आणि साठवून येईल असं मी वाचलं. एकदम घबाड मिळेल असं नाही.

आता दुसरी चूक, जी मला पहिलीइतकीच खटकते: योग सांगायचा आणि दशा पाहायचीच नाही. चंद्र भरणीत, म्हणजे जन्मतः शुक्राची महादशा. ती शाळेतच संपली. रवीची सहा वर्षं २०१९-२० च्या सुमारास सरली. आत्ता चंद्राची दहा वर्षं चालू आहेत, २०३० च्या आसपास मंगळ सुरू होईल, मग राहूची अठरा. ज्या गुरूच्या नावावर हा मुलगा घर तारण ठेवायला निघाला होता, त्याची महादशा पन्नाशी ओलांडल्यावर येते. मी त्याला एवढंच सांगितलं की नोकरी धर, चंद्राच्या दशेत घरावर बोजा घेऊ नकोस, आणि दुकान टाकायचंच असेल तर मंगळ लागेपर्यंत पैसे साठव. आईनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मुलगा नाराज होऊन गेला. घाई झालेल्या माणसाला 'थांब' ऐकायचं नसतं, पण योग आहे की नाही एवढ्यावर कर्ज काढायला सांगणं हे मी पाप समजतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. आपल्या पत्रिकेतल्या चौकोनात लिहिलेले आकडे राशींचे असतात, स्थानांचे नव्हेत. वरच्या मधल्या घरात ८ असेल तर ते पहिलं स्थान आणि वृश्चिक लग्न. १ लिहिलेलं घर शोधून तिथून मोजणारे दर महिन्याला भेटतात.

जन्मवेळ दवाखान्याच्या कागदावरून घ्या, आजीच्या आठवणीवरून नको. वरच्याच पत्रिकेत वेळ तासाभरानं मागं गेली तर मीन लग्न होतं, सगळे सहा ग्रह दुसऱ्या स्थानात जातात आणि स्वामींची सगळी यादी बदलते.

वृषभ आणि तूळ लग्नाला शनी, कर्क आणि सिंहेला मंगळ, मकर आणि कुंभेला शुक्र. हे एकटेच केंद्र आणि त्रिकोण दोन्हींचे स्वामी असतात, त्यांना दुसऱ्याची जोडी लागत नाही. तूळ लग्नाला 'शनी वाईट' म्हणून शांती करायला धावण्याआधी हे आठवा.

एकाच राशीत पण एक २ अंशांवर आणि दुसरा २८ वर असेल, तर त्या युतीचं फळ मी फार कमी धरतो.