‘४० चा फोम’ म्हणजे कडक फोम नव्हे: सोफ्याची सीट घेताना या चुका टाळा

नाशिकमध्ये सोफ्याच्या सीट बदलायला गेलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘३२ चा टाकू की ४० चा?’ बहुतेक गिऱ्हाईक ‘थोडा कडक पाहिजे, ४० चाच टाका’ म्हणून मोकळं होतं. पहिली चूक इथेच होते, कारण तो आकडा कडकपणाचा नसतोच.

३२ किंवा ४० ही डेन्सिटी, म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. तेवढ्या जागेत माल किती भरला आहे, एवढंच त्यातून कळतं. फोम बनवताना रसायनांचं प्रमाण बदललं की त्याच ४० डेन्सिटीत अगदी मऊ फोमही निघतो आणि चांगला घट्टही. डेन्सिटीचा खरा संबंध टिकण्याशी आहे. रोजच्या बसण्याने प्रत्येक फोम थोडा मऊ पडतो, आणि ज्यात माल कमी तो लवकर पडतो. म्हणून २३ किंवा २८ चा कडक फोम दुकानात छान वाटतो, पण रोजच्या वापरात लवकर बसतो. पाठीच्या उशीला तो चालेल. सीटवर मात्र पूर्ण वजन येतं, तिथे मी ३२ च्या खाली जाऊ नका म्हणेन. घरात माणसं जास्त असतील तर ४० चा एचआर, म्हणजे जास्त उसळी देणारा फोम घ्या.

डेन्सिटी वजनावरून काढता येते, त्यामुळे ती तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. लांबी, रुंदी आणि जाडी इंचात मोजून तिघांचा गुणाकार करा, त्याला डेन्सिटीने गुणा आणि ६१,०२४ ने भागा. येईल ते किलोमधलं वजन.

समजा इंदिरानगरातल्या एका घरात तीन सीटचा सोफा आहे. प्रत्येक सीट २४ बाय २४ इंच, जाडी ४ इंच. आजोबांना गुडघ्यांमुळे खोल सीटमधून उठता येत नाही, म्हणून घट्ट ‘४० चा एचआर’ ठरला. कापड चढवण्याआधी नुसता फोम काट्यावर ठेवला तर ४० च्या हिशोबाने तो साधारण १ किलो ५१० ग्रॅम भरायला हवा. काटा १ किलो २०० ग्रॅम दाखवत असेल तर हातात आलेला फोम ३२ चा आहे. एकदोन आकडे इकडेतिकडे होतात, आठ होत नाहीत. वजन १ किलो ४१० ग्रॅमच्या आसपास आलं तर भांडण्याआधी पट्टी लावा. जाडी पावणेचार इंच निघाली तर डेन्सिटी बरोबर आहे, पाव इंच जाडी तेवढी कमी दिली आहे. वजन करताना फोम कोरडा हवा, आणि वर गुंडाळलेला रेक्रॉनचा थर काढलेला हवा.

या हिशोबाला चकवणारी एक गोष्ट मात्र आहे. पुष्कळ सीट एकाच फोमच्या नसतात. खाली रिबॉन्डेडचा थर असतो, म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून दाबलेला रंगीबेरंगी ठोकळा, आणि वर मऊ फोम. रिबॉन्डेडची डेन्सिटी ९० किंवा त्याहून जास्त असते. आता वरच्याच मापात खाली १ इंच ९० चा रिबॉन्डेड आणि वर ३ इंच २८ चा साधा फोम घातला, तर खालच्याचं वजन साधारण ८५० ग्रॅम आणि वरच्याचं ७९० होतं. एकूण १ किलो ६४०, म्हणजे सरासरी डेन्सिटी ४३ च्या वर! काट्यावर ही सीट ४० ची परीक्षा सहज पास होते, आणि तरीही बसायचं असतं ते २८ वरच. खाली रिबॉन्डेड घालण्यात गैर काही नाही, सीट खोल जाऊ नये म्हणून चांगले कारागीरही तो घालतात. फक्त थर चिकटवण्याआधी वरचा थर वेगळा तोलून घ्या. ‘आमचा तर ९० डेन्सिटीचा’ असं कोणी सांगितलं की तो कोणता फोम, हे आधी विचारा.

काट्याला न सापडणारा दुसरा प्रकार म्हणजे वजन वाढवायला फोममध्ये मिसळलेली खडूसारखी भुकटी. वजन बरोबर येतं, पण असा फोम लवकर फाटतो आणि दबला की पूर्ण उठत नाही. म्हणून कापलेल्या कडेचा छोटा तुकडा मागून घ्या आणि तो चिमटीत ओढून, दाबून बघा.

आता कडकपणा. त्याचा आकडा वेगळा असतो, आयएलडी किंवा आयएफडी नावाचा. चाचणीच्या एका रूढ पद्धतीत ४ इंच जाड नमुन्यावर ८ इंच व्यासाची गोल तबकडी ठेवून ती एक इंच, म्हणजे जाडीच्या २५ टक्के, आत दाबतात. त्यासाठी लागलेला जोर पौंडात लिहितात. बसायच्या सीटला साधारण ३० ते ३५ ठीक पडतो. आजोबांसारख्यांसाठी ४० च्या आसपासचा आयएलडी बघा, पाठीला १५ ते २० पुरे. दोन पत्रकं शेजारी ठेवताना मोठा घोळ होतो तो इथे. एक कंपनी २५ टक्के दाबावर पौंडात लिहिते, दुसरी ४० टक्के दाबावर न्यूटनमध्ये. एक पौंड जोर म्हणजे सुमारे साडेचार न्यूटन, म्हणून ३० आणि १३३ हे दोन आकडे एकाच फोमचे असू शकतात. आणि ४० टक्क्यांचा आकडा तर २५ टक्क्यांपेक्षा मुळातच मोठा येतो. टक्के आणि एकक दोन्ही सारखी असल्याशिवाय तुलना करू नका.

दुकानात तळव्याने दाबून निर्णय घेऊ नका. तळवा फक्त वरचा इंचभर फोम तपासतो, माणूस बसतो तेव्हा तो खोलवर दबतो. म्हणून ६५ टक्के दाबाच्या आकड्याला २५ टक्क्यांच्या आकड्याने भागून बघतात. साध्या पीयू फोमचं उत्तर २ च्या आसपास येतं, चांगल्या एचआरचं अडीचच्या आसपास किंवा वर. असा फोम वर मऊ लागतो पण खाली धरून ठेवतो. पत्रक मिळत नसेल तर त्या फोमवर निदान दहा मिनिटं बसा, आणि ज्याला उठायचा त्रास आहे त्याला सोबत न्या. मेमरी फोमचा थर घेत असाल तर तो थंडीत बराच कडक होतो हेही धरून चाला. मे महिन्यात दुकानात पसंत केलेली सीट नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी वेगळीच लागेल.

सीटला खड्डा पडला म्हणून फोम बदलायला निघाला असाल, तर आधी ती सीट काढून फरशीवर ठेवा आणि तिच्यावर बसा. तिथे ती नीट धरत असेल तर दोष फोमचा नाही, खालचे इलॅस्टिकचे पट्टे सैल झाले आहेत किंवा प्लाय वाकला आहे. तसं असेल तर ५० चा फोम घातला तरी सीट खालीच जाणार. फरशीवरही ती बुडत असेल तर मध्यावर आणि कोपऱ्यात जाडी मोजा. मध्य अर्धा-पाऊण इंचाने कमी भरला तर फोम संपला. दोन्हीकडे जाडी सारखी आणि सीट नुसती मऊ लागत असेल, तर नवा फोम घेताना डेन्सिटीबरोबर आयएलडीही विचारा आणि बिलावर तिन्ही गोष्टी लिहून घ्या: फोमचा प्रकार, प्रत्येक थराची डेन्सिटी आणि कापडाशिवाय मोजलेली जाडी.