धावती टॅक्सी कॅमेऱ्यात: पॅनिंगचा फोटो कसा काढावा

मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याला पाठ टेकून उभं राहिलं की समोरून काळीपिवळी टॅक्सी उजवीकडून डावीकडे जाते. १/१००० शटर स्पीडला फोटो काढला तर ती रस्त्यात उभी केल्यासारखी दिसते, चाकाचे नटसुद्धा मोजता येतात. वेग मात्र फोटोत कुठेच नसतो. कॅमेरा स्थिर धरून १/३० ला काढला तर मागच्या इमारती स्वच्छ येतात आणि टॅक्सीचा पिवळा-काळा पट्टा होतो. पॅनिंगमध्ये शटर स्पीड हाच १/३० ठेवायचा, पण शटर उघडं असेपर्यंत कॅमेरा टॅक्सीबरोबर फिरवायचा. मग टॅक्सी जागच्या जागी धरली जाते आणि मागच्या इमारती ओढल्या जातात.

शटर स्पीड किती ठेवायचा, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. बहुतेक ठिकाणी "१/३० वापरा" एवढंच उत्तर मिळतं आणि नवा माणूस तिथेच फसतो, कारण या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही. शटर उघडं असताना गाडी किती सेंटिमीटर पुढे सरकली आणि तुमच्या फ्रेममध्ये रस्त्याची किती मीटर रुंदी मावते आहे, या दोन गोष्टी एकत्र बघाव्या लागतात. एक सोपा हिशेब लक्षात ठेवा: १/३० सेकंदात गाडी तिच्या ताशी किलोमीटरच्या आकड्याइतकेच सेंटिमीटर सरकते, जरासे कमी. ताशी ४० ने जाणारी टॅक्सी १/३० मध्ये सुमारे ३७ सेंटिमीटर जाते. १/६० ला त्याच्या निम्मं, १/१५ ला दुप्पट.

आता फ्रेम बघा. पावणेचार-चार मीटर लांबीची टॅक्सी फ्रेममध्ये पुढे-मागे थोडी जागा सोडून बसवली तर गाडीच्या अंतरावर फ्रेमची रुंदी सहा मीटरच्या आसपास येते. ३७ सेंटिमीटर म्हणजे त्या सहा मीटरांचा सोळावा भाग. मागच्या प्रत्येक खिडकीची, प्रत्येक दिव्याची रेघ फ्रेमच्या सोळाव्या भागाइतकी लांब येणार. माझ्या डोळ्यांना हीच लांबी पटते. पंधराव्या ते विसाव्या भागापर्यंत रेघ असली की वेग दिसतो आणि मागे इमारती आहेत हेही कळतं. पन्नासाव्या भागावर आली की ओढ जाणवत नाही, फोटो नुसता हलल्यासारखा वाटतो.

हा हिशेब कुठल्याही गाडीला लावा. त्याच वेगाची मोटारसायकल साडेतीन मीटरच्या फ्रेममध्ये बसते, म्हणून तिला १/६० पुरतो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ताशी १६० ने जाणारी गाडी १/१२५ मध्येच ३५ सेंटिमीटर जाते. तिथे १/३० वापरण्याचा हट्ट धरला तर हाताला काही लागणार नाही. सायकलस्वार ताशी १५ ने जात असेल तर उलट १/१५ पर्यंत खाली यावं लागतं.

जागा आणि उजेड

मरीन ड्राइव्ह मी मुद्दाम निवडला. फूटपाथ रुंद आहे, त्यामुळे रस्त्यावर उतरावं लागत नाही. शिवाय संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे समुद्रात उतरत असतो, म्हणजे तिरपा उजेड थेट टॅक्सीच्या अंगावर आणि मागच्या आर्ट डेको इमारतींवर पडतो. पार्श्वभूमी निवडताना तिच्यात बारीकसारीक काही आहे का ते बघा. खिडक्या, पाट्या, झाडांची पानं, उजेडाचे ठिपके यांच्याच रेघा होतात. कोरी भिंत किंवा मोकळं आकाश कितीही ओढलं तरी कोरंच राहतं आणि सगळी मेहनत दिसेनाशी होते. पार्श्वभूमी जवळ आहे की लांब, याने मात्र रेघेच्या लांबीत फरक पडत नाही. कॅमेरा जितक्या अंशांतून फिरला तितकीच स्थिर वस्तूची रेघ येते, मग ती वस्तू वीस मीटरवर असो की दोनशे मीटरवर.

गाडीपासून दहा-बारा मीटरवर उभे राहा. तुमच्यासमोर दिव्याचा खांब नको. तो मध्येच आला तर गाडीवर फिकट पांढुरका पट्टा उमटतो.

उजेडाची अडचण दुपारी येते. भर उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/३० ठेवला तर ॲपर्चर एफ ३२ लागेल, तो बहुतेक लेन्सवर नसतोच. तेव्हा लेन्ससमोर एनडी ८ फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी राखाडी काच लावा. तो तीन स्टॉप उजेड खातो आणि तुम्ही एफ ११ वर येता. एफ २२ पर्यंत बंद करून वेळ मारून नेऊ नका. चित्राची धार जाते आणि सेन्सरवरची धूळ दिसायला लागते. पॅनिंगमध्ये बाकी सगळं ओढलं जातं, धुळीचे काळे ठिपके तेवढे त्या गुळगुळीत रेघांवर ठळक बसतात. सूर्यास्ताआधीच्या अर्ध्या तासात, किंवा पावसाळ्यातल्या दाट ढगाळ दिवशी, आयएसओ १००, १/३० आणि एफ ११ हा मेळ फिल्टरशिवाय जवळपास बरोबर बसतो.

कॅमेरा असा लावा

मोडची चकती S वर फिरवा. कॅननच्या कॅमेऱ्यावर तिथे Tv लिहिलेलं असतं. शटर तुम्ही ठरवायचा, ॲपर्चर कॅमेरा सांभाळतो. आयएसओ ऑटोवरून काढून १०० वर बांधून टाका. छोट्या सेन्सरच्या (एपीएस-सी) कॅमेऱ्यावर ४५ मिलिमीटरच्या आसपास झूम ठेवली की बारा मीटरवर ती सहा मीटरची फ्रेम मिळते.

फोकसची चिंता लोक विनाकारण फार करतात. ४५ मिलिमीटर आणि एफ ११ ला बारा मीटरवर फोकस केला तर साधारण पाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं फोकसमध्ये असतं. म्हणून समोरच्या लेनमधल्या एखाद्या गाडीवर फोकस करा आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. यात एक चूक होण्याची शक्यता कमी झाली. २०० मिलिमीटरने लांबून काढत असाल तर ही सवलत नाही. तिथे हलत्या गाडीवर सतत फोकस करत राहणारा AF-C किंवा AI Servo लावून मधला एकच बिंदू वापरा.

लेन्सवर स्टॅबिलायझेशनचा Mode 2 असेल तर तो लावा. त्यात फक्त वर-खाली होणारी हालचाल थोपवली जाते, आडवी मोकळी राहते. असा पर्याय नसेल तर एकदा स्टॅबिलायझेशन चालू ठेवून आणि एकदा बंद करून काढून बघा. काही लेन्स आडव्या फिरण्यालाच विरोध करतात आणि फ्रेम झटक्याने सरकते.

शरीर कसं फिरवायचं

पावलं खांद्याइतकी फाकवा आणि दोन्ही चवडे समोर, जिथे फोटो काढायचा त्या जागेकडे ठेवा. गाडी येते त्या दिशेला चवडे करू नका. टॅक्सी उजवीकडून येणार, म्हणून पाय न हलवता कमरेतून उजवीकडे वळा. कोपरं बरगड्यांना टेकवा. गाडी पन्नास-साठ मीटरवर असतानाच तिला फ्रेममध्ये घ्या. ती समोर येईल तशी कमरेची पीळ उलगडत जाते आणि ऐन क्षणी शरीर सर्वात सैल, सर्वात गुळगुळीत फिरत असतं. उलट केलं, म्हणजे चवडे गाडीकडे ठेवून सुरुवात केली, तर बटण दाबायच्या वेळी कंबर ताठरते आणि कॅमेरा अडखळतो.

फ्रेमच्या मधला बिंदू टॅक्सीच्या एकाच जागी चिकटवा. मी पुढच्या दाराचं हँडल धरते. नुसती "टॅक्सी" बघत राहिलं की नजर बंपरवरून टपावर फिरत राहते आणि हातही तिच्यामागे जातो. गाडी बरोबर समोर येण्याच्या किंचित आधी बटण हलकेच दाबा, तीन-चार फ्रेमचा बर्स्ट जाऊ द्या, आणि बटण सोडल्यावरही कॅमेरा फिरवत राहा. फोटो झाला म्हणून थांबण्याची घाई शरीराला आधीच कळते आणि शेवटची फ्रेम त्याच घाईत बिघडते. बरोबर समोरचा क्षण निवडायचं कारणही आहे. तिथे गाडी नजरेसमोरून सर्वात जास्त वेगाने सरकते आणि तो वेग क्षणभर जवळपास स्थिर असतो, त्यामुळे तुमच्या हाताला तो पकडता येतो.

पहिल्या दहा-पंधरा गाड्या १/१२५ ला काढा. रेघा आखूड येतील, पण फिरवण्याची लय बसेल. मग १/६०, मग १/३०.

काय चुकलं ते फोटोच सांगतो

स्क्रीनवर फोटो पूर्ण मोठा करा आणि नंबर प्लेट किंवा दारावरची अक्षरं बघा. अक्षरं आडवी ओढली गेली असतील तर तुमचा वेग गाडीशी जुळला नाही. अक्षरांखाली त्यांचीच सावली पडल्यासारखी दुसरी प्रत दिसली तर हात वर-खाली हलला, आणि हे बहुतेक वेळा बटण जोरात दाबल्यामुळे होतं. माझे पहिले कितीतरी फोटो असेच गेले. मी फिरवण्याचा वेग बदलत राहिले, चूक मात्र अंगठ्याशेजारच्या बोटात होती. कुठल्याही एका दिशेला ओढ नाही, नुसतंच धूसर आहे, तर तो फोकसचा दोष. दार स्वच्छ आणि चालकाचा चेहरा तेवढा पुसट असेल तर खड्डा किंवा स्पीडब्रेकर शोधा आणि तिथून वीस मीटर सरका.

संध्याकाळच्या पाऊण तासात शंभरेक फ्रेम काढल्या तर त्यातल्या पाच-सहा मी ठेवते. १/१५ ला एखादीच उरते.

बेस्टची बस काढायला गेलात तर एक वेगळाच दोष दिसेल: मधला भाग स्वच्छ, पुढचं आणि मागचं टोक पुसट. यात हाताचा दोष नाही. बारा मीटर लांबीच्या बसपासून बारा मीटरवर उभं राहिलं तर तिची टोकं मधल्या भागापेक्षा तुमच्यापासून लांब असतात आणि नजरेसमोरून हळू सरकतात. कॅमेरा एकाच वेगाने फिरतो, म्हणून एकच भाग जुळतो. टोकांचा पुसटपणा मागच्या रेघांच्या पाव भागाइतका भरतो. त्यावर उपाय मागे सरकण्याचाच. तीस मीटरवरून लांब झूमने काढलं तर तो पंचविसाव्या भागावर येतो. मात्र आता फ्रेम सोळा मीटरची झाली आहे, म्हणून शटरचा हिशेब पुन्हा मांडा. सोळाव्या भागाची रेघ हवी तर बस मीटरभर सरकली पाहिजे, म्हणजे ताशी ४० ला १/१० च्या जवळ.