संशयास्पद लॉगिननंतर कंपनीला तक्रारीचा मेल करताय? या चुका टाळा

'तुमच्या अकाउंटमध्ये नवीन डिव्हाइसवरून लॉगिन झालंय' असा अलर्ट आला आणि ते लॉगिन आपलं नाही हे कळलं की माणूस घाबरून आधी 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' दाबतो, मग पासवर्ड बदलतो आणि मग सपोर्टला मेल टाकतो की माझं अकाउंट हॅक झालंय, ताबडतोब काहीतरी करा. हेतू बरोबर आहे, क्रम चुकला. कारण बऱ्याच सर्व्हिसमध्ये लॉगआउट केलं की ते अनोळखी डिव्हाइस सेटिंगमधल्या यादीतून गायब होतं, आणि मग मेलमध्ये लिहायला तुमच्याकडे काहीच उरत नाही. म्हणून आधी त्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या, ज्यात डिव्हाइस, वेळ आणि ठिकाण दिसेल असा, आणि रिकव्हरी नंबर-ईमेल जिथे दिसतो त्या पानाचाही. दोन मिनिटांचं काम आहे. मग लॉगआउट, मग पासवर्ड. अपवाद एकच, अकाउंटमधून पैसे जाताना दिसत असतील तर स्क्रीनशॉट वगैरे राहू दे, हेल्पलाइनला फोन करून आधी व्यवहार थांबवा, मेल नंतर.

आणि हो, अलर्टमधल्या लिंकवर क्लिक करू नका, तो अलर्टच बनावट असू शकतो. अ‍ॅप स्वतः उघडून बघा लॉगिन खरंच दिसतंय का. सपोर्टचा पत्ताही तिथूनच घ्या, सर्च करून सापडलेला नको, आणि अलर्टलाच रिप्लाय करून उपयोग नाही कारण तो बहुतेक वेळा नो-रिप्लाय पत्ता असतो. अलर्ट डिलीट मात्र करू नका. पुढे पाठवायचा असेल तर नुसता फॉरवर्ड केला की त्याचे मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची नोंद, गळून जातात, म्हणून तो .eml फाइल म्हणून डाउनलोड करून जोडा.

मेल कुठून पाठवायचा इथेही गडबड होते. रजिस्टर्ड ईमेलवरून पाठवलेला बरा, ओळख पटवायला सोपं जातं. पण ज्यात घुसखोरी झाली ते अकाउंट म्हणजे तुमचा ईमेलच असेल तर सपोर्टचं उत्तर तुमच्याआधी तो दुसरा माणूस वाचेल, आणि तुम्हाला दिसायच्या आत डिलीटही करेल. अशा वेळी दुसऱ्या ईमेलवरून लिहा आणि कारण पहिल्याच ओळीत सांगा.

आता खुद्द मजकूर. लोक दोन पानं राग लिहितात, त्यात वेळ नाही, डिव्हाइस नाही, आणि शेवटी 'अकाउंट बंद करा' असं लिहितात. हे वाक्य घातक आहे हो, कारण समोरच्याने ते अक्षरशः घेतलं तर अकाउंट डिलीटच्या रांगेत जातं आणि त्यासोबत तुमचा डेटाही. तुम्हाला हवं असतं ते फ्रीज, आणि फ्रीज म्हणजे नेमकं काय थांबवायचं ते लिहावं लागतं: नवीन लॉगिन, पैशांचे व्यवहार, आणि पासवर्ड किंवा रिकव्हरी माहितीतले बदल. याशिवाय एक गोष्ट जवळजवळ कोणीच लिहीत नाही, ती म्हणजे फ्रीज उघडायचं कसं. घुसलेल्याने रिकव्हरी नंबर बदलला असेल आणि सपोर्टने त्याच नंबरवर ओटीपी पाठवून अकाउंट उघडलं तर सगळी मेहनत पाण्यात.

वेळ लिहिताना टाइम झोन लिहा, नाहीतर समोरचा चुकीच्या तारखेचा लॉग बघून 'आम्हाला काही आढळलं नाही' असं कळवतो. अलर्टवर 20:47 यूटीसी असेल आणि तुमचं घड्याळ साडेपाच तास पुढे असेल तर तुमच्याकडे ती रात्रीची 2:17 आहे, आणि तारीख पण पुढची. दोन्ही लिहा. उलट शहराच्या नावावर फार भर देऊ नका, ते आयपीवरून काढलेला अंदाज असतो, मोबाइल डेटावर आपलं स्वतःचं लॉगिनसुद्धा भलत्याच शहरात दिसतं.

तर मेल साधारण असा असावा:

विषय: अनधिकृत लॉगिन, अकाउंट फ्रीज आणि लॉगिन हिस्ट्रीची विनंती

नमस्कार,
माझ्या अकाउंटमध्ये (युजरनेम: ____) ____ तारखेला 20:47 यूटीसी, म्हणजे माझ्या वेळेनुसार दुसऱ्या दिवशी पहाटे 2:17 वाजता, विंडोज-क्रोमवरून लॉगिन झालं. ते मी केलेलं नाही. मी फक्त अँड्रॉइड फोनवरून वापरतो.
1. नवीन लॉगिन, व्यवहार आणि रिकव्हरी माहितीतले बदल थांबवा, चालू सेशन्स बंद करा. अकाउंट डिलीट करू नका.
2. या लॉगिनच्या आधीपासून असलेल्या रिकव्हरी नंबरवरूनच किंवा ओळख तपासूनच फ्रीज काढा.
3. मागच्या 30 दिवसांची लॉगिन हिस्ट्री द्या: यशस्वी आणि फसलेले दोन्ही प्रयत्न, वेळ, आयपी, डिव्हाइस, लॉगिनची पद्धत, आणि सेटिंगमधले बदल.
4. हे लॉग तपास होईपर्यंत जपून ठेवा.
स्क्रीनशॉट आणि मूळ अलर्ट जोडले आहेत. कृपया तक्रार क्रमांक कळवा.

चौथा मुद्दा शोभेचा नाही. लॉग कायमचे राहत नाहीत, ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जातात. आणि मेलमध्ये पासवर्ड, ओटीपी, बॅकअप कोड, पूर्ण कार्ड नंबर यातलं काहीही टाकू नका, मागितलं तरी नाही. मागतोय म्हणजे तो सपोर्ट नाहीच.

हिस्ट्री आली की लोक फक्त आयपी बघतात, पण खरं उत्तर 'पद्धत' या रकान्यात असतं. समजा 20:41 पासून चार-पाच फसलेले प्रयत्न आणि 20:47 ला यश, म्हणजे बहुधा कोणीतरी पासवर्डचा अंदाज घेत होतं किंवा तुमच्या जुन्या पासवर्डांची यादी घेऊन बसलं होतं. एकही प्रयत्न न फसता थेट पासवर्डने यश असेल तर तो बहुधा आधीच माहीत होता, तोच पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरलाय ते आठवा आणि तिथेही बदला. पण पासवर्डचं लॉगिनच नाही आणि जुनं सेशन अचानक नव्या आयपीवरून चालताना दिसतंय, तर ब्राउझरमधली, तुमचं लॉगिन लक्षात ठेवणारी कुकी चोरीला गेलेली असू शकते. अशा वेळी त्याच कॉम्प्युटरवर बसून नवा पासवर्ड टाकणं म्हणजे तोही देऊन टाकणं, आधी संशयास्पद एक्स्टेंशन आणि मालवेअर काढा किंवा दुसरं डिव्हाइस वापरा. आणि 20:52 ला 'रिकव्हरी ईमेल जोडला' किंवा 'मेल फॉरवर्डिंग सुरू' अशी ओळ दिसली तर ती आधी काढायला सांगा, पासवर्ड कितीही बदलला तरी ती वाट उघडीच राहते. जोडलेल्या थर्ड पार्टी अ‍ॅप्सचंही तेच.

उत्तर म्हणून नुसती मदतपानाची लिंक आली तर नवीन तक्रार टाकू नका, दोन तक्रारी दोन वेगळ्या माणसांकडे जातात आणि दोघंही अर्धवट माहितीवर उत्तर देतात. त्याच थ्रेडमध्ये क्रमांक देऊन लिहा की मुद्दा 1 ते 4 पैकी कोणता झाला, कोणता बाकी. काही कंपन्या दुसऱ्या माणसाचा आयपी देत नाहीत, तो पोलिसांनी मागितला तरच देतात. अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा वेळ, डिव्हाइस आणि पद्धत एवढं तरी मागा, लॉग जपून ठेवल्याचं लेखी घ्या आणि तो तक्रार क्रमांक पोलिसांकडच्या अर्जात लिहा.