सर्व्हरवर जागा मागणारं पत्र दोनदा परत आलं, तिसऱ्यांदा मंजूर झालं

आमचं कॉलेज जळगाव जिल्ह्यातलं. मीडिया सेलने लेक्चरच्या रेकॉर्डिंगसाठी आयटी विभागाकडे जागा मागितली, तर पत्र ‘गरज स्पष्ट करा’ या शेऱ्यासह परत आलं. दुसऱ्यांदा ‘किमान ३ टीबी’ लिहिलं, प्राचार्यांची शिफारस जोडली; तोच शेरा. वैताग आला, पण चूक आमचीच होती.

मग आधी मोबाइलची फाइल तपासली: १७ एमबीपीएस, म्हणजे तासाला साधारण साडेसात जीबी. फळ्यावरचं लिखाण दिसायला एवढं लागत नाही. म्हणून ती लहान केली:

```
ffmpeg -i in.mp4 -vf scale=-2:720 -c:v libx264 -b:v 1900k -c:a aac -b:a 96k out.mp4
```

शेवटच्या बाकावरून घेतलेलं गणिताचं लेक्चर लावून पाहिलं, घातांकही वाचता आले. आता तासाला सुमारे ९०० एमबी. रोज ४ तास, सत्राचे ९० दिवस: ३२४ जीबी. बॅकअप धरून दुप्पट, ६४८.

तिसऱ्या पत्रात हाच हिशोब मांडला. मूळ फाइल आमच्याच हार्ड डिस्कवर राहील, निकालानंतर सर्व्हरवरचं आम्हीच पुसू, हेही लिहिलं. आयटीचे भाऊ म्हणाले, “पुसणार कधी, हेच तर विचारत होतो!” ७०० जीबी मिळाले.