हार्ड डिस्कच्या रुंद सॉकेटात साधी मायक्रो यूएसबी केबल चालते का?

लग्नाचा व्हिडिओ फोटोग्राफरने पोर्टेबल हार्ड डिस्कवर दिला, पण डिस्कसोबतची केबल सापडत नाही. घरात जुन्या मोबाइलच्या मायक्रो यूएसबी केबली मात्र आहेत, आणि नवी केबल घ्यायला रविवारी बर्डीच्या बाजारात जाईपर्यंत थांबवत नाही. अशा वेळी ती साधी केबल डिस्कला लावता येते, डेटाही वाचता येतो. फक्त ती कुठे लावायची आणि तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे आधी समजून घ्या.

डिस्कचं सॉकेट उजेडात धरून नीट बघा. सुमारे 12 मिलिमीटर रुंद असलेल्या या सॉकेटाचे शेजारी शेजारी दोन भाग दिसतील. मोठ्या भागाचे एका बाजूचे दोन कोपरे तिरके कापलेले असतात. तो भाग म्हणजे जुन्या मोबाइलचं नेहमीचं मायक्रो यूएसबी सॉकेटच, पाच पिनांचं. शेजारच्या लहान भागात आणखी पाच पिना असतात आणि यूएसबी 3.0 चा जास्तीचा वेग त्यांच्यातूनच येतो. 2008 साली हे मानक आलं तेव्हा जुनी केबल निरुपयोगी होऊ नये म्हणून जुनं सॉकेट तसंच ठेवून त्याला हा शेजार जोडला गेला.

आता साध्या केबलची पिन मोठ्या भागासमोर धरा. पिनेचे तिरके कोपरे सॉकेटाच्या तिरक्या कोपऱ्यांशी जुळवा आणि सरळ आत सरकवा. लहान भाग रिकामाच राहील, तो तसाच राहू द्या. पिन अडली तर बाहेर काढून उलटी करून बघा, पण दाबू नका. इथे मी मुद्दाम बजावून सांगतो, कारण काही पोर्टेबल डिस्कमध्ये हे सॉकेट थेट डिस्कच्या मुख्य सर्किटवरच बसवलेलं असतं. ते उखडलं तर डिस्क काढून दुसऱ्या डबीत घालण्याचा सोपा मार्ग उरत नाही आणि डेटा परत मिळवणं महागात पडतं.

याच्या उलट मात्र जमत नाही. हार्ड डिस्कची रुंद पिन साध्या मोबाइलच्या सॉकेटात जाणारच नाही.

केबल लावल्यावर डिस्कचा दिवा लागला, डिस्क फिरतेय, पण कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही, तर पहिला संशय केबलवर घ्या. काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगपुरत्या असतात, डेटाच्या तारा त्यांच्यात नसतातच. तीच केबल जुन्या मोबाइलला लावून कॉम्प्युटरवर फोटो दिसतात का ते बघा. तिथेही दिसले नाहीत, तर दुसरी केबल घ्या.

डिस्क टक-टक आवाज करत असेल किंवा मध्येच दिसेनाशी होत असेल, तर बहुतेक वेळा वीज कमी पडत असते. यूएसबी 2.0 च्या पोर्टने 500 मिलिअँपिअर द्यावेत असं मानक सांगतं, 3.0 च्या पोर्टने 900. फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना याहूनही जास्त लागू शकते. त्यात केबल लांब आणि आतल्या तारा बारीक असल्या की व्होल्टेज वाटेतच घसरतं. अशी डिस्क पुन्हा पुन्हा सुरू करून बघत बसू नका. आखूड केबल घ्या आणि डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला लावा. तिथे 3.0 चे पोर्ट बऱ्याचदा निळे असतात. तरीही आवाज थांबला नाही, तर डिस्कच बिघडलेली असू शकते. मग ती बंद ठेवून जाणकाराला दाखवा.

सगळं नीट चाललं, तरी वेग यूएसबी 2.0 चाच मिळतो. कागदावर तो सेकंदाला 480 मेगाबिट आहे, प्रत्यक्षात मोठी फाइल कॉपी करताना साधारण 35 मेगाबाइट पडतो. लग्नाचा व्हिडिओ 60 जीबीचा धरला, तर जवळपास अर्धा तास लागेल. योग्य रुंद केबलने हीच डिस्क 110 मेगाबाइटने चालली, तर नऊ-दहा मिनिटांत काम होईल. कॉपीच्या खिडकीत वेग दिसतोच. लिनक्स वापरत असाल तर ही आज्ञा द्या:

```
lsusb -t
```

डिस्कच्या ओळीत `480M` दिसलं तर जोडणी जुन्या वेगाची आहे आणि `5000M` दिसलं तर नव्या. रुंद केबल लावूनही `480M` येत असेल, तर पोर्ट 2.0 चा आहे का ते बघा. नसेल, तर पिन पूर्ण आत गेली नसेल किंवा लहान भागाच्या पिनांवर धूळ बसली असेल.

एखादा व्हिडिओ बघायला किंवा चार फाइली काढायला साधी केबल पुरते. पूर्ण बॅकअप मात्र तिच्यावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण कॉपी लांबली की मध्येच केबलला धक्का लागण्याची शक्यताही तेवढी वाढते. दुकानात ‘हार्ड डिस्कची 3.0 केबल’ असं मागा आणि अर्ध्या मीटरपेक्षा लांब घेऊ नका. लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल, तर दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेलीही मिळते. जाताना डिस्क सोबत न्या आणि पिन तिथेच लावून बघा. ती शेवटपर्यंत आत बसली पाहिजे आणि हलकेच हलवल्यावर डिस्कचा दिवा लुकलुकता कामा नये.